यमालचा नंबर कितवा? जर्सी घेण्याआधी जुळवायची पत्रिका

गेल्या नोव्हेंबरात रात्री साडेनऊच्या सुमाराला ताईचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. पलंगावर पसरलेली बार्सिलोना या फुटबॉल क्लबची जर्सी, शेजारी चुरगळलेली पारदर्शक पिशवी आणि खाली मजकूर: "ओमच्या वाढदिवसाला घेतली. साडेआठशेला दिली. एक्स्पोर्ट सरप्लस आहे म्हणाला. ओरिजिनल आहे ना रे?"

पुढच्या बाजूचा एक फोटो, पाठीचा एक. छातीवर स्पॉटिफायचं नाव, पाठीवर मेस्सी आणि त्याखाली १०.

फोटोवरून कापड कळत नाही, शिलाई कळत नाही. तरी ही जर्सी खोटी आहे हे सांगायला मला मिनिटही लागलं नाही. मेस्सीने बार्सिलोना सोडलं ऑगस्ट २०२१ मध्ये. स्पॉटिफायचं नाव बार्साच्या छातीवर आलं २०२२-२३ च्या हंगामापासून. मेस्सी तेव्हा पॅरिसला होता आणि तिथे ३० नंबर घालत होता. म्हणजे स्पॉटिफायवाली जर्सी घालून मेस्सी बार्साकडून एकही सामना खेळलेला नाही. क्लबने अशी जर्सी कधी काढलीच नाही, तर तिचा एक्स्पोर्ट कुठून होणार आणि सरप्लस कुठून उरणार?

दुसरी गोष्ट ताईला सांगणं जास्त जड गेलं. ओमला मेस्सी नकोच होता. तो तेरा वर्षांचा आहे, त्याच्या वर्गातली निम्मी मुलं बार्साच्या तरुण लामिन यमालच्या नावाने शपथा घेतात, आणि मेस्सी त्यांच्या दृष्टीने 'बाबांच्या वेळचा' आहे. "अगं, पण बार्सिलोना म्हणाला होता ना तो? मग झालं की!" ताई म्हणाली. तिथेच सगळी गडबड आहे. साडी घेताना जी ताई काठ, पदर, पोत, जरीचा कस सगळं तपासते, तिला जर्सी म्हणजे रंग आणि नाव एवढंच वाटतं.

खरं तर जर्सीची पत्रिका असते. क्लब, हंगाम, खेळाडू, नंबर, छातीवरचा प्रायोजक आणि कपडा बनवणारी कंपनी, हे सगळे ग्रह एकाच वेळी त्या घरात असायला लागतात. एखादा जरी चुकीच्या घरात बसला, तरी पुढे कापडाला हात लावायची गरज नाही.

युरोपातला फुटबॉलचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मेच्या आसपास संपतो. म्हणून तो २०२४-२५, २०२५-२६ असा जोडीने लिहितात. मोठे क्लब दर हंगामाला नवी जर्सी काढतात, आणि एक नाही, निदान तीन: घरच्या मैदानावरची होम, बाहेरची अवे आणि दोन्ही संघांचे रंग सारखे येतील तेव्हासाठी तिसरी, थर्ड. त्यामुळे 'बार्सिलोनाची जर्सी द्या' म्हणणं हे तुळशीबागेत जाऊन 'भांडं द्या' म्हणण्यासारखं आहे.

आता ओमच्या यमालचंच बघा. एप्रिल २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा असताना तो बार्साच्या मुख्य संघातून पहिल्यांदा उतरला, तेव्हा पाठीवर ४१ होता. पुढचा २०२३-२४ चा पूर्ण हंगाम तो २७ नंबर घालून खेळला. २०२४-२५ मध्ये १९. जुलै २०२५ मध्ये अठरा पूर्ण झाल्यावर त्याला १० मिळाला. तीन वर्षांत चार नंबर. म्हणजे 'यमालची जर्सी' अशी एक वस्तू नाही. हंगाम सांगितला की नंबर ठरतो आणि नंबर सांगितला की हंगाम.

आणि हंगाम कापडावर दिसतो. २०२४-२५ ची होम जर्सी सहज ओळखू येते. क्लबला १२५ वर्षं झाली म्हणून १८९९ च्या पहिल्या पोशाखासारखी ती उभी अर्धी निळी, अर्धी लाल केली होती. त्या अर्ध्या-अर्ध्या जर्सीवर यमालचा १९ शोभतो. तिच्यावर यमालचा १० दिसला तर पत्रिका फसली. दोनच आठवड्यांपूर्वी मी नेमकी तशीच एक फर्ग्युसन रस्त्यावर चालता चालता पाहिली. एक मुलगा अभिमानाने घालून वडापाव खात होता. मी काही बोललो नाही; खाताना माणसाला छळू नये. एक छोटी खूण आणखी: बार्साच्या जर्सीवर त्याचं नाव 'लामिन यमाल' असं दोन्ही शब्दांत असतं. यमाल हे त्याचं आडनाव नव्हे, नावाचाच भाग आहे. नुसतं 'यमाल' लिहिलेलं दिसलं की छापणाऱ्याने सवयीने आडनाव समजून उडवलंय असं समजा.

बार्साच्या छातीवरून काळ ओळखणं तर सोपंच आहे. २००६ पर्यंत छाती कोरी, मग युनिसेफ, २०११ पासून कतार फाउंडेशन, २०१३ पासून कतार एअरवेज, २०१७ पासून राकुतेन आणि २०२२ पासून स्पॉटिफाय. 'रेट्रो' म्हणून रोनाल्डिन्योची जर्सी विकायला असते. तो बार्सात होता २००३ ते २००८. त्याच्या छातीवर कतार एअरवेज दिसलं तर काय समजायचं ते तुम्हाला आता कळलंच. मात्र एक अपवाद लक्षात ठेवा, नाहीतर शहाणपणाच्या भरात खऱ्यालाच खोटं म्हणाल. रेआल माद्रिदविरुद्धच्या सामन्यांत स्पॉटिफाय कधीकधी स्वतःच्या नावाऐवजी एखाद्या गायकाचं किंवा बँडचं चिन्ह लावतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये ड्रेकचं घुबड होतं, ऑक्टोबर २०२३ मध्ये रोलिंग स्टोन्सची ती प्रसिद्ध जीभ. त्या जर्सी खऱ्या आहेत, पण मोजक्या निघतात आणि महागड्या असतात. आठशे रुपयांत जीभ मिळाली तर ती जीभ खोटं बोलतेय.

ज्यांना फुटबॉलशी देणंघेणं नाही त्यांच्यासाठी हीच युक्ती क्रिकेटला लावून दाखवतो, कारण गहुंज्याला सामना असला की जुन्या हायवेच्या कडेला निळे ढीग लागतात आणि त्यात सगळ्यात जास्त खपते ती 'धोनी ७'. धोनी भारतासाठी शेवटचा खेळला जुलै २०१९ मध्ये, न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात. तेव्हा भारताचे कपडे नायकी बनवत होती. नायकी २०२० मध्ये गेली, मग एमपीएल आली, २०२३ मध्ये काही महिने किलर, आणि जून २०२३ पासून आदिदास. म्हणजे खांद्यावर आदिदासच्या तीन पट्ट्या आणि पाठीवर धोनी ७, ही मेस्सी-स्पॉटिफायचीच भारतीय आवृत्ती. तसंच छातीवर बायजूज आणि शेजारी आदिदासचं चिन्ह असेल तर तेही अशक्य, कारण बायजूज मार्च २०२३ मध्येच बाहेर पडली होती. त्यानंतर ड्रीम ११ ऑगस्ट २०२५ पर्यंत आणि सप्टेंबर २०२५ पासून अपोलो टायर्स. पण छातीवर प्रायोजक नाही, फक्त 'इंडिया' लिहिलंय, म्हणून जर्सी नकली ठरवू नका. आयसीसीच्या विश्वचषकासारख्या स्पर्धांत तसंच असतं. तिथे छातीवर देशाचं नाव येतं.

आणि आपल्या पुण्याची पत्रिका तर एका अक्षरावर उघडते. २०१६ च्या आयपीएलमध्ये आपला संघ 'रायझिंग पुणे सुपरजायंट्स' होता आणि धोनी कर्णधार होता. २०१७ ला शेवटचा 'स' गेला, नुसतं 'सुपरजायंट' उरलं, स्टीव्ह स्मिथ कर्णधार झाला आणि आपण फायनल एका धावेने हरलो. तो 'स' असलेली जर्सी कुणाकडे असेल तर जपून ठेवा. संघ राहिला नाही, निदान कापड तरी राहील.

पत्रिका जुळली म्हणजे जर्सी खरी, असं मात्र नाही. पत्रिका फक्त खोटं पकडते, खऱ्याची हमी देत नाही. चांगल्या नकला करणारे हंगाम, नंबर, प्रायोजक सगळं बरोबर छापतात. तिथून पुढे वस्तू हातात घ्यावी लागते. त्याआधी एक मोठा गैरसमज काढून टाकूया, कारण पुण्यातला प्रत्येक जाणकार मित्र तो पसरवतो: "बिल्ला शिवलेला असेल तर ओरिजिनल, चिकटवलेला असेल तर डुप्लिकेट."

हे अर्धसत्य आहे. मोठ्या कंपन्या एकाच जर्सीचे दोन प्रकार विकतात. एक खेळाडू प्रत्यक्ष मैदानात घालतात तो; नायकी त्याला 'मॅच' म्हणते, आदिदास 'ऑथेंटिक'. दुसरा चाहत्यांसाठी, नायकीचा 'स्टेडियम', बोलीभाषेत फॅन व्हर्शन. खेळाडूंच्या जर्सीत वजन कमी ठेवायचं असतं आणि छातीला काही टोचायला नको असतं, म्हणून तिचा बिल्ला उष्णतेने चिकटवलेला, पातळ, रबरासारखा असतो. कापड जाळीदार आणि अंगाला घट्ट. चाहत्यांच्या जर्सीचा बिल्ला सहसा शिवलेला किंवा विणलेला, कापड जरा जाड आणि माप सैल. म्हणजे महागड्या, अस्सल जर्सीचाच बिल्ला चिकटवलेला असतो. तेव्हा विचारायचं ते असं: हा कुठला प्रकार म्हणून विकताय, आणि बिल्ला त्या प्रकाराचा आहे का? 'प्लेअर व्हर्शन' म्हणून विकतोय आणि बिल्ला जाड भरतकामाचा आहे, तर विषय संपला. रस्त्यावरच्या भाषेत 'प्लेअर व्हर्शन', 'मास्टर क्वालिटी', 'थाई क्वालिटी', 'फर्स्ट कॉपी' हे सगळे नकलांचेच दर्जे आहेत. शब्द कंपनीचा वाटतो म्हणून माल कंपनीचा होत नाही. तसा फर्स्ट कॉपी म्हणणारा विक्रेता प्रामाणिकच म्हणायचा. कॉपी आहे हे तो तोंडाने सांगतोय. आपणच 'फर्स्ट' ऐकून खूश होतो.

ताईची जर्सी दुसऱ्या दिवशी मी हातात घेतली, तेव्हा ओमला शेजारी बसवून आधी ती उलटी केली. खरेदीत सगळे पुढची बाजू बघतात, आणि नकली बनवणाराही तिथेच मेहनत घेतो. आतून बिल्ल्यामागे पांढऱ्या कागदासारखं अस्तर अर्धवट फाडून सोडलेलं होतं आणि दोऱ्यांची टोकं दाढी न केल्यासारखी बाहेर आली होती. काखेखालच्या शिवणीत पुढचा पट्टा आणि मागचा पट्टा बोटभर वरखाली झालेला. छातीवरच्या प्रायोजकाच्या अक्षरांवरून नख फिरवलं तर रेनकोटवर फिरवल्यासारखं वाटत होतं. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर खऱ्या जर्सीतही कधीतरी एखादा धागा सुटलेला सापडतो. तिन्ही एकत्र आल्या की शंका उरत नाही.

मग आतल्या बाजूला, कमरेजवळच्या शिवणीत, धुलाईच्या सूचनांची जी पट्टी असते ती बघितली. ही पट्टी बहुतेक लोक टोचते म्हणून पहिल्याच दिवशी कापून टाकतात. घेण्यापूर्वी मात्र ती सगळ्यात कामाची चीज आहे. नायकीच्या पट्टीवर त्या मालाचा कोड असतो: सहा अक्षरं-अंक, मग एक आडवी रेघ, मग तीन अंक. शेवटचे तीन अंक रंगाचे. आदिदासचा कोड सलग सहा अक्षर-अंकांचा असतो. हा कोड जसाच्या तसा गूगलवर टाकायचा. खरा असेल तर तीच जर्सी, तोच हंगाम, तोच प्रकार समोर यायला हवा. ओमने ताईच्या जर्सीचा कोड टाकला तर दुसऱ्याच एका क्लबची, काही वर्षांपूर्वीची जर्सी आली. ओमला त्या क्षणी फसवणुकीचं दुःख झालं नाही, उलट गुन्हेगार पकडल्यासारखा तो खूश झाला.

नायकीच्या पट्टीवर हंगामाचंही छोटं चिन्ह सापडतं: `SP` म्हणजे वसंत, `SU` उन्हाळा, `FA` शरद, `HO` वर्षअखेर, आणि पुढे वर्षाचे दोन अंक. `SU25` लिहिलेली वस्तू २०२५ च्या उन्हाळ्यातली. २०२५-२६ ची जर्सी म्हणून घेताय आणि पट्टीवर `SU19` आहे, तर कुणीतरी एकदाच हजारो पट्ट्या छापून ठेवल्यात आणि त्याच सगळ्या जर्सींना शिवतोय. 'मेड इन थायलंड' वाचून मात्र दचकू नका. अस्सल जर्सीही थायलंड, व्हिएतनाम, इंडोनेशियातच शिवल्या जातात. कोडलाही मर्यादा आहे. कोड चुकला तर माल नक्की खोटा. कोड जुळला तर फक्त एवढंच कळतं की नक्कल करणाऱ्याने अभ्यास केलाय, किंवा माल खरा आहे.

म्हणून मी शेवटचा भरवसा एका अगदी कंटाळवाण्या गोष्टीवर ठेवतो: किमतीच्या स्टिकरवर. भारतात दुकानातून विकल्या जाणाऱ्या पॅकबंद मालावर, तो आयात केलेला असला तरी, वजनमापाच्या नियमांप्रमाणे काही मजकूर लागतोच. सर्व करांसह कमाल किंमत रुपयांत, बनवणाऱ्याचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव आणि पूर्ण पत्ता, महिना आणि वर्ष, आयात माल असेल तर कुठल्या देशात बनला ते, आणि तक्रारीसाठी फोन किंवा ईमेल. जर्सीच्या टॅगवर किंवा पिशवीवर हे छोट्या अक्षरांत असतं आणि तिथला मालाचा कोड आतल्या पट्टीवरच्या कोडशी जुळतो. नकली माल बनवणारे बिल्ला हुबेहूब करतात, चमचमणारं होलोग्राम रीळभर विकत आणतात, पण या रटाळ स्टिकरची नक्कल करायचा कंटाळा करतात, किंवा पत्त्याच्या जागी नुसतं शहराचं नाव टाकतात. होलोग्राम बघून विश्वास ठेवणाऱ्यांना म्हणूनच मी आधी स्टिकर दाखवायला सांगतो. अर्थात कुणाच्या आत्याने लंडनहून आणलेल्या जर्सीवर रुपयांचं स्टिकर नसणार. तिथे आत्याकडून बिल मागायची हिंमत असेल तर मागा.

किमतीचा अंदाज असा ठेवा की युरोपातल्या मोठ्या क्लबची चालू हंगामाची मोठ्यांची फॅन जर्सी काही हजारांच्या घरात जाते आणि खेळाडूंचा प्रकार त्याहून बराच वर. हंगाम संपताना सेलमध्ये ती निम्म्यापर्यंत उतरलेली मी पाहिली आहे, पण आठशेला नाही. तेवढे पैसे घालायचे नसतील, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी ते न घालणं अगदी समजण्यासारखं आहे, तर कंपन्या साधे अधिकृत टी-शर्टही काढतात. बिल्ला खरा, कापड साधं, किंमत कमी. नाहीतर बिल्ला वगैरे काही नसलेला निळा-लाल टी-शर्ट घ्या. तो नकली नसतो, तो फक्त टी-शर्ट असतो.

आता माप. ओमची खरी जर्सी घ्यायचं ठरलं तेव्हा ताईने विचारलं, "त्याला एम लागतो ना?" कशातला एम? मुलांच्या आणि मोठ्यांच्या मापांना अक्षरं तीच असतात. नायकीच्या तक्त्यात मुलांचा एम म्हणजे १३७ ते १४७ सेंटिमीटर उंची, एल १५८ पर्यंत आणि एक्सएल १५८ ते १७०. आदिदासने मुलांसाठी अक्षरांऐवजी उंचीच लिहिली आहे, १५२, १६४, १७६ अशी. ते जास्त शहाणपणाचं वाटतं. मोठ्यांची मापं छातीवर जातात. नायकीचा पुरुषांचा एस ३५ ते साडेसदतीस इंच, एम तिथून ४१ पर्यंत.

इथे एक फसवा खड्डा आहे. कंपनीच्या तक्त्यातले इंच हे अंगाचे असतात, कपड्याचे नव्हेत. म्हणजे ज्याची छाती ३९ इंच भरते त्याने एम घ्यावा. जर्सी प्रत्यक्षात त्याहून काही इंच मोठी शिवलेली असते. उलट इन्स्टाग्रामवर किंवा स्टॉलवर विकणारे जो तक्ता पाठवतात त्यात बहुधा कपड्याची रुंदी असते, काखेपासून काखेपर्यंत. एक तक्ता दुसऱ्यासारखा वाचला की माप चुकलंच. त्यात नकली माल बऱ्याचदा आशियाई मापात शिवतात आणि तिथला एल आपल्या एमला कसाबसा पोचतो. 'माझं माप एल आहे' असं वाक्यच मनातून काढून टाका. घरातला जो टी-शर्ट अंगाला नीट बसतो तो जमिनीवर सपाट अंथरा, एका काखेच्या शिवणीपासून दुसरीपर्यंत टेप लावा. हा आकडा कपड्याच्या तक्त्याशी ताडायचा. कंपनीच्या तक्त्यासाठी मात्र टेप अंगाभोवतीच फिरवायचा, बनियनवर, श्वास न रोखता. श्वास न रोखण्याची सूचना मोठ्यांसाठी आहे. पोट आत घेऊन माप दिलेले आणि हौसेने 'मॅच' प्रकार घेतलेले एक गृहस्थ मला माहीत आहेत. ती जर्सी त्यांनी एकदाच घातली, आणि काढायला वहिनींची मदत लागली.

ओम भिंतीला टाच लावून उभा राहिला: १६१ सेंटिमीटर. छाती ३१ इंच. उंचीने मुलांचा एक्सएल बरोबर बसतो, आणि छातीने पुरुषांचा एस चांगलाच मोठा पडतो, कारण तो ३५ इंचांच्या अंगासाठी शिवलेला. ताईचं म्हणणं, जरा मोठा घेऊ, दोन वर्षं जाईल. शाळेच्या गणवेशाचं हे गणित बरोबर आहे, जर्सीला ते लागू पडत नाही. जर्सी हंगामाबरोबर जुनी होते, आणि या वयाचा मुलगा वर्षात पाच-सात सेंटिमीटर वाढला तरी १७० च्या आतच राहील. म्हणजे मुलांचा एक्सएल हंगाम संपेपर्यंत पुरेल, तोवर नवी जर्सी आलेली असेल. शिवाय मुलांच्या मापाची किंमत मोठ्यांपेक्षा कमी असते. ताईला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात आधी पटला.

कधी घ्यायची याचंही हंगामावरूनच ठरतं. नवी होम जर्सी साधारण मे ते जुलैच्या दरम्यान बाहेर येते. एप्रिलमध्ये पूर्ण किंमत देऊन घेतली तर महिना-दोन महिन्यांत ती 'गेल्या वर्षीची' होते. पूर्ण किंमत द्यायचीच असेल तर ऑगस्ट ते दिवाळी हा काळ चांगला, पूर्ण हंगाम अंगावर जातो. गेल्या वर्षीची चालत असेल तर जून-जुलैचा सेल. पण जुलैत नाव-नंबर छापून घ्यायची घाई करू नका. खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची उन्हाळी खिडकी सप्टेंबर उजाडेपर्यंत उघडी असते. कोण क्लब सोडेल, कुणाचा नंबर बदलेल, सांगता येत नाही. मेस्सीचं जाणंही ५ ऑगस्टलाच जाहीर झालं होतं, म्हणजे २०२१-२२ ची नवी जर्सी बाजारात आल्यानंतर. त्या जर्सीवर तोवर कुणी 'मेस्सी १०' छापून घेतलं असेल तर जर्सी खरी, छपाई खरी, पण ती घालून तो खेळलाच नाही.

नोव्हेंबरात ही भीती नव्हती. यमाल जागेवर होता आणि नंबर १० होता. ताईने शोरूममधून २०२५-२६ ची मुलांची एक्सएल आणली, बिलासकट. पाठ कोरी होती, कारण दुकानात बऱ्याचदा कोरीच मिळते. नाव-नंबर वेगळा लावावा लागतो. क्लबच्या अधिकृत संचातली अक्षरं आणि गल्लीतल्या हीट प्रेसवाल्याची अक्षरं यांत फरक राहतोच. त्याच्याकडचा फॉन्ट जवळपासचा असतो, तोच नसतो. ओमला ते चाललं. मी फक्त एवढंच केलं की खऱ्या जर्सीच्या पाठीचा सरळ समोरून काढलेला फोटो प्रिंट करून नेला. त्यावर पट्टी ठेवून नाव गळ्यापासून किती खाली आहे आणि नंबर नावापासून किती अंतरावर आहे त्याचं प्रमाण काढलं. मुलांच्या मापावर मोठ्यांच्या आकाराचा १० लावला तर तो कमरेपर्यंत लोंबतो.

प्रेसवाल्याने संगणकावर नाव टाइप केलं आणि एंटर दाबणार, तेवढ्यात ओम ओरडला, "काका, थांबा!" पडद्यावर 'लमीन' झालं होतं. प्रेस एकदा बसली की अक्षरं कापड खराब न करता सहज निघत नाहीत, म्हणून आधी कागदावर छापून घ्यायला लावलं, ओमने ते अक्षर अक्षर बोट ठेवून वाचलं, आणि मगच जर्सी मशिनखाली गेली.

साडेआठशेवाली ओम आता सोसायटीत खेळायला घालतो. तिसऱ्या धुण्यात स्पॉटिफायमधला एक गोल निघून गेला.